फरक आला, पण कर कोणत्या वर्षाचा?

मागच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. आम्ही शाळेतून घरी येऊन चहा घेत होतो. इतक्यात शेजारचे भाईजान दारात उभे राहिले. सलाम-दुआ झाली आणि त्यांनी हातातला मोबाईल पुढे केला. "सर, जरा हे वाचून सांगा. सोळा हजार परत येणार होते, आता शून्य म्हणतात."

भाईजान चाकणच्या एका कारखान्यात सतरा वर्षांपासून कायम कामगार आहेत. पहाटे साडेपाचला चिखलीच्या कोपऱ्यावर त्यांची कंपनीची बस येते. त्यांच्याकडचा पगाराचा करार संपून बराच काळ लोटला होता. युनियन आणि व्यवस्थापन यांच्या बैठका लांबत गेल्या. शेवटी करार झाला तो मागच्या तारखेपासून लागू धरून, आणि अडकलेल्या महिन्यांचा फरक एकरकमी खात्यात पडला. घरात आनंद झाला. भाभींनी मुलीच्या डिप्लोमाची फी त्यातून भरायची ठरवली. पण त्याच महिन्याची पगार स्लिप पाहिली, तर करही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कापलेला.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात ही कहाणी घरोघरची आहे. करार दर काही वर्षांनी होतो, बोलणी लांबतात आणि फरक उशिरा पण एकदम मिळतो. अशा वेळी प्राप्तिकराच्या कायद्यात एक सवलत आहे. तिची खबर पुष्कळांना असते, पण ती पदरात पडायची वाट कुठे अडते हे फार थोड्यांना ठाऊक असते. भाईजानांची वाट तिथेच अडली होती. म्हणून या महिन्याच्या सदरात तेवढाच एक विषय घेतो.

आधी मुळात अन्याय कुठे होतो ते पाहू. पगारावरचा कर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. जुन्या करपद्धतीत साठ वर्षांखालील माणसाला अडीच लाखांपर्यंत कर नाही. अडीच ते पाच लाखांच्या टप्प्यावर पाच टक्के, पाच ते दहा लाखांच्या टप्प्यावर वीस टक्के आणि दहा लाखांच्या वर तीस टक्के. आता ज्या माणसाचे उत्पन्न दर वर्षी आठ-नऊ लाख आहे, त्याचा शेवटचा रुपया वीस टक्क्यांच्या पायरीवर असतो. पण दोन वर्षांचा फरक एकाच वर्षात आला, की त्या एका वर्षापुरता तो तीस टक्क्यांच्या पायरीवर चढतो. पैसा वेळेवर मिळाला असता तर ज्यावर वीस टक्के लागले असते, त्यावर तीस लागतात. उशीर मालकाचा आणि भुर्दंड कामगाराला.

हा भुर्दंड काढण्यासाठी प्राप्तिकर कायदा १९६१ मध्ये कलम ८९ आहे आणि हिशेब कसा करायचा ते नियम २१-ए मध्ये सांगितले आहे. कल्पना सोपी आहे. फरकाचा पैसा ज्या ज्या वर्षाचा आहे, त्या त्या वर्षी तो मिळाला असता तर किती कर बसला असता, ते काढायचे. आज प्रत्यक्षात त्या पैशावर किती जादा कर बसतो, तेही काढायचे. आजचा आकडा मोठा असेल तर दोन्हींमधला जो फरक, तेवढा कर माफ.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण भाईजानांनीही हेच विचारले, "म्हणजे जुन्या वर्षांची रिटर्न पुन्हा भरायची का?" नाही. जुनी रिटर्न जशी आहेत तशीच राहतात. पैसा त्या वर्षात मिळाला असे फक्त कागदावर धरून आकडेमोड करायची असते. फरकाची सगळी रक्कम मिळालेल्या वर्षाचेच उत्पन्न म्हणून दाखवायची आणि सवलतही त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये मागायची.

आता भाईजानांचाच हिशेब घेऊ. समजायला सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. त्यांचा नवा करार १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि पैसा २०२४-२५ या आर्थिक वर्षात मिळाला. २०२२-२३ या वर्षाचा फरक दरमहा ८ हजार, म्हणजे वर्षाचे ९६ हजार. २०२३-२४ चा दरमहा १० हजार, म्हणजे १ लाख २० हजार. दोन्ही मिळून २ लाख १६ हजार. एप्रिल २०२४ पासून करार होईपर्यंतच्या काही महिन्यांचाही फरक त्यांना मिळाला होता. पण तो त्याच आर्थिक वर्षाचा पैसा असल्यामुळे त्याला मागे न्यायचा प्रश्न नाही. तो त्या वर्षाच्या नेहमीच्या उत्पन्नातच राहतो. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. पगार स्लिपवर "एरिअर्स" म्हणून दिसणारी सगळी रक्कम या हिशेबात घ्यायची नसते. मागल्या आर्थिक वर्षांची असेल तेवढीच घ्यायची.

पहिली पायरी, पैसा मिळालेल्या वर्षाची. २०२४-२५ मध्ये सगळ्या वजावटी जाऊन भाईजानांचे करपात्र उत्पन्न, मागच्या वर्षांचा फरक सोडून, ९ लाख ४० हजार होते. जुन्या पद्धतीने त्यावरचा कर १ लाख ५०० रुपये. त्यावर चार टक्के उपकर धरून १ लाख ४ हजार ५२० रुपये. फरक मिळवला की उत्पन्न होते ११ लाख ५६ हजार. त्यावरचा कर १ लाख ५९ हजार ३०० आणि उपकरासह १ लाख ६५ हजार ६७२ रुपये. म्हणजे फरकामुळे वाढलेला कर ६१ हजार १५२ रुपये.

दुसरी पायरी, मागच्या वर्षांची. २०२२-२३ मध्ये त्यांचे करपात्र उत्पन्न ७ लाख १० हजार होते आणि उपकरासह कर ५६ हजार ६८० रुपये. ९६ हजार मिळवले की उत्पन्न ८ लाख ६ हजार आणि कर ७६ हजार ६४८ रुपये. वाढ १९ हजार ९६८ रुपयांची. २०२३-२४ मध्ये उत्पन्न ७ लाख ६० हजार, कर ६७ हजार ८० रुपये. १ लाख २० हजार मिळवले की उत्पन्न ८ लाख ८० हजार, कर ९२ हजार ४० रुपये. वाढ २४ हजार ९६० रुपयांची. दोन्ही वर्षांची वाढ मिळून ४४ हजार ९२८ रुपये.

तिसरी पायरी, वजाबाकी. ६१ हजार १५२ मधून ४४ हजार ९२८ गेले, राहिले १६ हजार २२४ रुपये. हीच सवलत.

हा आकडा बरोबर आला की नाही, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. भाईजानांचे उत्पन्न फरकामुळे दहा लाखांच्या वर १ लाख ५६ हजारांनी गेले. तेवढ्या रकमेवर वीसऐवजी तीस टक्के लागले, म्हणजे दहा टक्के जास्त. १५ हजार ६०० रुपये आणि त्यावर चार टक्के उपकर ६२४. बेरीज बरोबर १६ हजार २२४. म्हणजे सवलत येते ती फक्त वरच्या पायरीवर चढलेल्या तुकड्याची, संपूर्ण फरकावरची नाही.

यातूनच या सवलतीची मर्यादाही कळते. भाईजानांच्याच खात्यातले दुसरे एक कामगार आमच्याकडे आले होते. त्यांनाही तेवढाच फरक मिळाला होता. पण त्यांचे करपात्र उत्पन्न फरक धरूनही ९ लाख ३० हजारच होते आणि मागची दोन्ही वर्षे सहा-सात लाखांची. आजही वीस टक्के, तेव्हाही वीस टक्के. त्यांची सवलत शून्य. ते नाराज झाले, पण त्यांचे नुकसानही काही झाले नव्हते. पैसा वेळेवर मिळाला असता तरी कर तेवढाच बसला असता. तेव्हा कोणी एजंट "तुमचा फरक आलाय, सवलत काढून देतो, पाच हजार द्या" असे म्हणाला, तर आधी हेच पाहावे की फरकामुळे आपली पायरी बदलली का.

फरक सोडून करार झाल्याबद्दल जी एकरकमी बक्षिशी किंवा भेट मिळते, तिचाही विचार इथे करावा. ती मागच्या कोणत्याही महिन्याची देणी नसते, त्या वर्षाचीच कमाई असते. ती या हिशेबात घुसडू नये. युनियनच्या पत्रकात "फरक" आणि "एकरकमी" हे शब्द वेगळे का लिहिलेले असतात, ते इथे कळते.

तर भाईजानांची सवलत खरी होती, आकडाही बरोबर होता. ज्या माणसाने त्यांचे रिटर्न भरले, त्याने तोच आकडा काढून रिटर्नच्या "Relief u/s 89" या रकान्यात टाकलाही होता. मग शून्य कसे झाले?

झाले असे की रिटर्नमध्ये आकडा टाकणे पुरेसे नसते. ही सगळी आकडेमोड दाखवणारा एक वेगळा फॉर्म आहे, त्याचे नाव फॉर्म १०-ई. तो प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो आणि तो रिटर्नच्या आधी भरलेला असावा लागतो. बंगळुरूच्या केंद्रात रिटर्नची छाननी संगणक करतो. रकान्यात सवलतीचा आकडा दिसला आणि त्या वर्षाचा फॉर्म १०-ई नोंदवलेला सापडला नाही, की तो सवलत काढून टाकतो. भाईजानांचा फॉर्म भरलेलाच नव्हता.

खरे तर अशी सवलत काढण्याआधी विभाग प्रस्तावित बदलाची सूचना पाठवतो आणि उत्तर द्यायला तीस दिवस देतो. "ती तुम्हाला आली नाही का?" आम्ही विचारले. पोर्टल उघडून पाहिले तर उत्तर तिथेच होते. त्यांच्या खात्यावर मोबाईल नंबर आणि ईमेल त्या रिटर्न भरणाऱ्याचा. सूचना त्याच्याकडे गेली, त्याच्या शेकडो मेलमध्ये बुडाली आणि तीस दिवस निघून गेले. भाईजानांच्या हाती आले ते शेवटचे पत्र, तेही त्यांनी स्वतः मागून घेतले म्हणून.

हे पत्र, म्हणजे कलम १४३(१) खालची सूचना, कशी वाचायची ते एकदा नीट समजून घ्या. तिच्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एकात तुम्ही रिटर्नमध्ये लिहिलेला आकडा आणि दुसऱ्यात विभागाने मोजलेला. ओळीमागून ओळ खाली येत जा आणि जिथे दोन्ही आकडे वेगळे दिसतात तिथे थांबा. भाईजानांच्या पत्रात कलम ८९ च्या ओळीत डावीकडे १६,२२४ आणि उजवीकडे ० होते. बाकी सगळ्या ओळी जुळत होत्या. म्हणजे दुखणे एकच होते आणि त्यावर इलाजही होता.

इलाज असा. २०२४-२५ च्या उत्पन्नाचे रिटर्न सुधारून भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती आणि ही गोष्ट ऑक्टोबरची. पहिली सूचना आलेली असली तरी मुदतीत सुधारित रिटर्न भरता येते. म्हणून आधी फॉर्म १०-ई भरायचा आणि मगच सुधारित रिटर्न, असा क्रम ठरवला. पण त्याआधी पोर्टलवर भाईजानांचा स्वतःचा मोबाईल नंबर आणि त्यांच्या मुलीचा ईमेल नोंदवला. ते केले नसते तर पुढची सूचनाही दुसऱ्याच्याच घरी गेली असती.

फॉर्म भरायला बसण्याआधी तीन कागद गोळा केले. पहिला, कंपनीकडून फरकाचा वर्षवार तक्ता. खात्यात पडलेली एकूण रक्कम पुरत नाही, कोणत्या आर्थिक वर्षाचे किती हे लेखी लागते. भाईजानांना तो टाइम ऑफिसातून दोन दिवसांत मिळाला. दुसरा, मागच्या प्रत्येक वर्षाचे रिटर्न. त्यातला "Total Income" हा आकडा घ्यायचा. एकूण पगाराचा आकडा घ्यायचा नाही. वजावटी जाऊन जे उरते तेच करपात्र उत्पन्न, आणि हिशेब त्यावरच चालतो. तिसरा, फरक मिळालेल्या वर्षाचा फॉर्म १६.

पोर्टलवर (`www.incometax.gov.in`) आपला पॅन टाकून आत गेल्यावर वाट अशी आहे:

`e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms > Form 10E`

इथे पहिलाच प्रश्न कर निर्धारण वर्षाचा येतो आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. फरक ज्या वर्षात मिळाला त्याच्या पुढचे वर्ष निवडायचे असते. भाईजानांना पैसा २०२४-२५ मध्ये मिळाला, म्हणून कर निर्धारण वर्ष २०२५-२६. फरक २०२२-२३ चा आहे म्हणून कोणी २०२३-२४ निवडले, तर फॉर्म भरूनही तो रिटर्नशी जुळत नाही आणि सवलत पुन्हा शून्य होते. फॉर्ममध्ये पगाराच्या फरकासाठी जोडपत्र एक आहे. त्यातल्या "Table A" मध्ये मागचे प्रत्येक वर्ष एका ओळीत येते. त्या वर्षाचे उत्पन्न, त्या वर्षाचा फरक, दोन्हींची बेरीज आणि दोन्हींवरचा कर. आम्ही वहीत केलेला हिशेब शेजारी ठेवला आणि शेवटचा आकडा १६ हजार २२४ आल्यावरच पुढे गेलो. आधार ओटीपीने पडताळणी केली आणि पावती छापून घेतली. त्यानंतर सुधारित रिटर्न भरून तेही लगेच पडताळले.

करार अजून व्हायचा आहे, अशा घरांना यातून एक गोष्ट आधीच करता येते. कंपनी, सरकारी कार्यालय, महापालिका, सहकारी संस्था किंवा शाळा चालवणारी संस्था, यांना पगारातून कर कापतानाच ही सवलत धरता येते. कर्मचाऱ्याने त्यासाठीच्या फॉर्ममधला तपशील भरून दिला की झाले. म्हणजे कर आधी कापून मग परताव्याची वाट पाहायची पाळी येत नाही. मात्र मालकाने सवलत धरली, तरी ऑनलाइन फॉर्म आपल्याला भरावाच लागतो. "कंपनीने केलंय ना" म्हणून जे गाफील राहतात, त्यांचे हाल भाईजानांपेक्षा वाईट. त्यांचा कर आधीच कमी कापलेला असतो. सवलत नाकारली गेली की तेवढी रक्कम व्याजासह भरायची मागणी येते.

हा धडा आम्हा शिक्षकांनी भाईजानांच्या आधी गिरवला आहे. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, पण नवा पगार प्रत्यक्षात जानेवारी २०१९ पासून सुरू झाला. मधल्या छत्तीस महिन्यांची थकबाकी २०१९-२० पासून पाच समान वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. ज्यांना भविष्य निर्वाह निधी आहे, त्यांचे हप्ते त्या खात्यात जमा झाले. पैसा हातात आला नाही, पण उत्पन्नात धरला गेला.

आमच्या हिशेबात अडचण वेगळी होती. छत्तीस महिने चार आर्थिक वर्षांत विभागलेले. २०१५-१६ चे तीन महिने, २०१६-१७ आणि २०१७-१८ चे बारा-बारा, आणि २०१८-१९ चे नऊ. हप्ता एकूण थकबाकीचा पाचवा भाग असल्यामुळे प्रत्येक हप्त्यात या चारही वर्षांचा पाचवा-पाचवा भाग येतो. तो वर्षवार तक्ता शाळेच्या कार्यालयातून मिळाल्याशिवाय फॉर्म भरता येत नव्हता. शिवाय प्रत्येक हप्ता ज्या वर्षी मिळाला, त्या वर्षाचा फॉर्म वेगळा भरायचा.

आणि त्या चार वर्षांचे दरही एकसारखे नव्हते. अडीच ते पाच लाखांच्या टप्प्यावर २०१६-१७ पर्यंत दहा टक्के कर होता, २०१७-१८ पासून तो पाच टक्के झाला. उपकर २०१७-१८ पर्यंत तीन टक्के होता, २०१८-१९ पासून चार. मागच्या वर्षाचा हिशेब त्या वर्षाच्याच दराने करावा लागतो. आमच्यातल्या ज्यांनी सगळीकडे आजचा दर लावला, त्यांचे आकडे चुकले. ज्यांचा पगार तेव्हा लहान होता आणि तो टप्पा दहा टक्क्यांचा होता, त्यांना त्या वर्षापुरता फायदा अपेक्षेपेक्षा कमी निघाला. मागचा आकडा आजच्या आकड्याइतका किंवा जास्त निघाला तर सवलत शून्य धरायची. उलटे काही देणे लागत नाही.

नव्या करपद्धतीत असलेल्या घरांनी "आम्हाला वजावटी नाहीत, म्हणजे हेही नसेल" असे समजू नये. कलम ८९ ची सवलत दोन्ही पद्धतींत आहे. मागच्या वर्षासाठी त्या वर्षी जी पद्धत घेऊन रिटर्न भरले होते तीच धरून हिशेब करावा. नव्या पद्धतीत पायऱ्या लहान आहेत, म्हणून फरकाने पायरी ओलांडली जाण्याची शक्यताही जास्त. ज्यांचा कर एरवी शून्य असतो आणि केवळ फरकामुळे त्या वर्षी लागला, त्यांनी तर ही आकडेमोड जरूर करून पाहावी.

आणखी एक हक्क घरातल्या बायकांच्या उपयोगाचा. पती वारल्यावर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन कधी कधी कागदपत्रांत अडकते आणि दोन-तीन वर्षांचे एकदम जमा होते. त्या थकबाकीलाही हीच सवलत लागू आहे. आमच्या ओळखीच्या एका आपांना कोणी सांगितलेच नव्हते की हे पगारदारांपुरते नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात हीच सवलत कलम १५७ मध्ये आहे. यापुढे मिळणाऱ्या फरकासाठी कलमाचा आकडा बदललेला दिसेल, पण "त्या वर्षी मिळाला असता तर" हा हिशेब तोच आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत ज्यांच्या खात्यात फरक जमा झाला, त्यांना जुने कलम ८९ आणि फॉर्म १०-ई.

भाईजानांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. डिसेंबरच्या मध्यावर नवी सूचना आली, या वेळी त्यांच्याच मुलीच्या मेलवर. तिने दोन रकाने स्वतः वाचले. कलम ८९ च्या ओळीत दोन्हीकडे १६,२२४. पुढच्या आठवड्यात परतावा खात्यात आला. त्यात मूळ रकमेवर थोडे व्याजही होते. भाईजानांनी विचारले, "सर, यातलं व्याज किती आणि आपलं मेहनतीचं किती?" सूचनेत व्याजाचा आकडा वेगळ्या ओळीत दिलेला असतो, तो आम्ही दाखवला. ते व्याज पुढच्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्न म्हणून दाखवावे लागते, हेही सांगितले. त्यांनी तेवढी रक्कम वहीत बाजूला लिहून ठेवली.

उरलेले १६ हजार २२४ त्यांच्या स्वतःच्या घामाचे होते. जानेवारीत मुलीच्या दुसऱ्या सत्राची फी भरली तेव्हा भाभींनी पावती आणून दाखवली. फाईलमध्ये त्या पावतीच्या वर फॉर्म १०-ई ची पावती लावलेली होती आणि तिच्यावर मुलीने पेनाने लिहिले होते, "आधी हा, मग रिटर्न."